ज्वारीच्या चिवड्याच्या पाकिटावर फायदे लिहायचे कसे, औषधासारखे न वाटता

प्रश्न: आमचा दारव्हा तालुक्यात महिला बचत गट आहे. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा करतो, एका वेळी दहा किलो, पाकीट १५० ग्रॅमचं. छापखान्याला मजकूर द्यायचा आहे. आम्ही लिहिलं होतं, ‘शुगर-बीपीवाल्यांसाठी वरदान, वजन घटवतो, कॅल्शियमने भरपूर, १००% नैसर्गिक, केमिकल विरहित, घरगुती.’ एक जण म्हणाला, हे चालणार नाही. मग फायदे सांगायचेच नाहीत का?

उत्तर:

सांगायचे, ताई. फक्त फायदा चिवड्याचा सांगायचा, शरीरावर होणाऱ्या परिणामाचा नाही. यासाठी एक सोपी कसोटी आहे, ती गटातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. वाक्यातलं क्रियापद बघायचं. ‘आहे’, ‘घातलं आहे’, ‘भाजलं आहे’, ‘लागतो’ ही क्रियापदं पदार्थाबद्दल बोलतात, ती बहुतेक वेळा चालतात. ‘घटवतो’, ‘रोखतो’, ‘बरं करतो’, ‘नियंत्रणात ठेवतो’ ही खाणाऱ्याच्या शरीराबद्दल बोलतात, तिथं थांबायचं. कोणताही खाद्यपदार्थ रोग टाळतो, कमी करतो किंवा बरा करतो असं सांगायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात आणि दावे नियमांत बंदी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि जाहिरात म्हणजे नुसतं पाकीट नव्हे. स्टॉलवरचा फ्लेक्स, व्हॉट्सॲपवरचा मेसेज, पाकिटावरचं चित्र हे सगळं त्यात येतं. शब्द काढून टाकले पण कोपऱ्यात हृदयाचं किंवा शुगर मोजायच्या मशीनचं चित्र ठेवलं, तर दावा तोच राहतो. ‘मधुमेह-मित्र’ असं ब्रँडचं नाव ठेवलं तरी तेच. ‘डॉक्टरांनी सुचवलेला’ हेही नको, खरोखर कुण्या डॉक्टरांनी सुचवला असला तरी.

आता तुमचा मजकूर एकेक करून बघू. त्यासाठी आधी दहा किलोचा घाणा कागदावर मांडावा लागतो, कारण पाकिटावरचं प्रत्येक वाक्य त्यातूनच निघायला हवं. तुम्ही प्रमाण कळवलेलं नाही, म्हणून या प्रकारच्या चिवड्याला जमणारं एक प्रमाण घेतो: ज्वारीच्या लाह्या ५ किलो, शेंगदाणे २ किलो, फुटाण्याची डाळ १ किलो, जवस ५०० ग्रॅम, तेल १ किलो १०० ग्रॅम, मीठ १५० ग्रॅम आणि तिखट, हळद, जिरं, कढीपत्ता मिळून २५० ग्रॅम. एकूण दहा किलो भरतं. तुमचे आकडे वेगळे असतील तर हाच हिशेब त्या आकड्यांनी पुन्हा करा.

कॅल्शियमपासून सुरुवात करतो, कारण भरडधान्यांच्या पाकिटांवर ही चूक फार दिसते. कॅल्शियम नाचणीत भरपूर असतं, १०० ग्रॅममध्ये साधारण ३६४ मिलिग्रॅम. ज्वारीत २८ मिलिग्रॅमच्या आसपास. ‘मिलेट’ या एका शब्दाखाली नाचणीचा गुण ज्वारीला चिकटतो आणि एकाच्या पोस्टरवरून दुसऱ्याच्या पाकिटावर जातो. कॅल्शियमचा नुसता ‘स्रोत’ म्हणायचं असेल तरी १०० ग्रॅम पदार्थात दिवसाच्या गरजेच्या १५ टक्के हवं. मोठ्या माणसाची गरज १००० मिलिग्रॅम धरली तर ते १५० होतं. ‘भरपूर’ म्हणायला ३०० लागतं. तुमच्या चिवड्यात शेंगदाणे, डाळ, जवस धरूनही तिथवर पोचत नाही. हा शब्द काढाच.

‘वजन घटवतो’ हे तर हिशेबातच बसत नाही. एक किलो शंभर तेल, शेंगदाण्यातलं साधारण ८०० ग्रॅम, जवसातलं १८०, शिवाय डाळ आणि ज्वारीतलं थोडं. म्हणजे दहा किलोत सव्वादोन किलोच्या आसपास स्निग्धांश, १०० ग्रॅमला २२ ग्रॅम. ‘कमी फॅट’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ३० ग्रॅमच्या एका वाटीत साधारण १४० कॅलरी येतात. चिवडा वाईट आहे असं यातून निघत नाही, पण ‘डाएट’ किंवा ‘हलका’ असे शब्द त्याच्यावर शोभत नाहीत. लाह्या हाताला हलक्या लागतात म्हणून खाणं हलकं असतं हा गैरसमज खुद्द करणाऱ्यांनाही होतो.

शुगरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गिऱ्हाईक हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारणार आहे. ज्वारीची भाकर चालते म्हणून लाह्याही चालतील, असं लोक धरून चालतात. लाही फुटते तेव्हा दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, स्टार्च फुगून मऊ होतो आणि त्याची घट्ट बांधणी सुटते. असा फुललेला स्टार्च लवकर पचतो. म्हणून अख्ख्या ज्वारीबद्दल वाचलेलं लाहीला जसंच्या तसं लावता येत नाही. ‘शुगर वाढत नाही’, ‘लो जीआय’, म्हणजे रक्तातली साखर हळू वाढवणारा, यांतलं काहीही तुमच्या चिवड्याची स्वतंत्र तपासणी झाल्याशिवाय लिहू नका. बीपीचंही तसंच. १५० ग्रॅम मिठाचं सोडियम काढलं तर १०० ग्रॅम चिवड्यात ६०० मिलिग्रॅमच्या जवळ जातं. कमी सोडियमची मर्यादा १२० आहे. ज्या पाकिटावर बीपीवाल्यांना वरदान लिहिलंय त्याच पाकिटाच्या मागच्या तक्त्यात सोडियमचा हा आकडा छापावा लागेल. अन्न सुरक्षा अधिकारी सोडा, वाचणारं गिऱ्हाईकच ते पकडेल.

मग खरं सांगण्यासारखं काय उरतं? बरंच.

पहिलं फायबर. नियमात फायबरचा ‘स्रोत’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम लागतात, ‘भरपूर’ म्हणायला ६. ज्वारीत १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम फायबर असतं. निम्मा चिवडा लाह्यांचा आहे, म्हणजे एकट्या ज्वारीतूनच ५ ग्रॅम येतात. शेंगदाणे, डाळ आणि जवस धरले तर बेरीज नऊ-दहापर्यंत जाते. पण लाह्या पाखडताना सालीचा भाग उडतो, त्यामुळे कागदावरचा आकडा छापू नका, तपासून घ्या. चव खाणाऱ्याला कळते, फायबर तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासणीत एक ठरलेली चूक होते. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला नमुना देताना अर्जावर ‘एकूण आहारातील फायबर’, म्हणजे ‘टोटल डाएटरी फायबर’, असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘फायबर’ लिहिलं तर जुनी ‘क्रूड फायबर’ची तपासणी होऊन येण्याची शक्यता असते. त्या पद्धतीत आम्ल आणि अल्कलीमध्ये उकळून उरलेलाच भाग मोजतात, बरंचसं फायबर त्यात विरघळून जातं. म्हणून ज्वारीचा आकडा दीड-पावणेदोन ग्रॅमच दिसतो. असा अहवाल हातात आला की गटाला वाटतं आपल्या चिवड्यात फायबरच नाही, आणि जो दावा हक्काचा होता तोच सोडून दिला जातो. नमुनाही एकाच घाण्यातला देऊ नका. तीन वेगवेगळ्या दिवसांच्या घाण्यांतला चिवडा घेऊन नीट मिसळा. तळाशी मीठ-तिखट आणि जवस बसतं, म्हणून डब्याच्या वरून, मधून आणि खालून घ्या. किती वजन लागेल ते प्रयोगशाळा सांगते. फायबरसोबत ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, एकूण, संपृक्त आणि ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम हेही मागा, म्हणजे मागचा पोषण तक्ता त्याच अहवालातून होईल. वरून घातलेल्या साखरेचा आकडा मात्र घाण्याच्या नोंदीतून येतो.

दुसरं प्रथिनं. हिशेबाने १०० ग्रॅममध्ये १३ ग्रॅमच्या जवळ येतात. प्रौढ माणसाची दिवसाची गरज ५४ ग्रॅम धरली तर ‘भरपूर’ म्हणायला त्याच्या २० टक्के, म्हणजे १०.८ ग्रॅम लागतात. अहवालात हा आकडा आला तर लिहायला हरकत नाही. पण ‘ज्वारीची ताकद, प्रथिनांनी भरपूर’ असं जोडून लिहू नका. त्या तेरापैकी आठ ग्रॅम शेंगदाणे, डाळ आणि जवसाचे आहेत, ज्वारीचे पाच. वेगवेगळी दोन वाक्यं खरी असली तरी शेजारी ठेवून त्यातून खोटा अर्थ निघत असेल तर ती दिशाभूलच. ‘शेंगदाणे, फुटाण्याची डाळ आणि ज्वारीतून मिळणारी प्रथिनं’ असं लिहा, खरंही आहे आणि वाचायलाही चांगलं वाटतं.

तिसरं, साखर. तुमच्या चिवड्यात पिठीसाखर नसेल तर ‘साखर घातलेली नाही’ हे स्वच्छ लिहिता येतं. पण गूळ, मध, मनुका यांतलं काहीही चिमूटभर जरी पडत असेल तर नाही. आपल्याकडे चिवड्याला शेवटी पिठीसाखर भुरभुरवायची सवय असते. वेगवेगळ्या बायका वेगवेगळ्या दिवशी घाणा करत असतील तर सगळ्यांच्या हाताला हा नियम लागला आहे का ते आधी बघा.

चौथं, करण्याची पद्धत. ‘तळलेला नाही’ हे वाक्य गिऱ्हाइकाला फार आवडतं, पण ते तुमच्या कढईवर अवलंबून आहे. लाह्या फोडलेल्या आणि शेंगदाणे भट्टीत किंवा कढईत कोरडे भाजलेले असतील, तेल फक्त फोडणीला असेल, तर लिहा. शेंगदाणे किंवा कढीपत्ता तेलात तळून घेत असाल तर ‘लाह्या न तळलेल्या’ एवढंच खरं आहे, आणि तेवढंच लिहायचं.

आता ते तीन मोठे शब्द. ‘नैसर्गिक’ हा शब्द ज्यात काही मिसळलेलं नाही अशा एकाच अन्नासाठी आहे. चिवडा हा मिश्र पदार्थ, त्याला तो लावता येत नाही. फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून’, तेही प्रत्येक घटक त्या व्याख्येत बसत असेल तर. ‘घरगुती’ या अर्थाचे शब्द चुकीची समजूत करून देतात म्हणून नियमात नको म्हटलं आहे. गटाने परवाना घेऊन केलेलं उत्पादन घरगुती नसतंच. तिथं ‘दारव्हा तालुक्यातल्या महिला बचत गटाने छोट्या घाण्यात केलेला’ असं लिहा. ‘घरगुती’पेक्षा हे जास्त सांगतं, आणि खरं आहे.

‘केमिकल विरहित’मध्ये मात्र मेख आहे. तुमच्या मनात आहे की आम्ही रंग किंवा टिकवायचं काही घालत नाही. ते खरं असेलही. पण तेलाचा डबा आणि मसाल्याचं पाकीट उचलून मागे वाचा. बऱ्याच रिफाइंड तेलांत टीबीएचक्यू नावाचा घटक असतो, डब्यावर तो आयएनएस ३१९ म्हणून लिहिलेला दिसतो. तेल खवट होऊ नये म्हणून तो घालतात. तयार चिवडा मसाल्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे आयएनएस ३३०, बऱ्याचदा सापडतं. ते तुमच्या घाण्यात उतरतं, मग ‘टिकवणारं काही नाही’ हे वाक्य खोटं पडतं. तेलघाणीचं शेंगदाणा तेल आणि गटाने स्वतः कुटलेला मसाला वापरणार असाल तर वाक्य मोकळेपणाने लिहा: ‘वेगळा रंग किंवा प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं नाही.’ फक्त तेलाचा पुरवठादार बदलला की पुन्हा डबा वाचायचा.

‘ग्लूटेन फ्री’ तुमच्या यादीत नाही, पण कुणीतरी सुचवेल म्हणून सांगतो. ग्लूटेन म्हणजे गव्हातलं एक प्रथिन, ज्वारीत ते नसतं हे खरं, पण दावा पाकिटातल्या पदार्थाचा असतो आणि मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे. ज्या गिरणीत गहू दळला जातो तिथं हळद-तिखट दळून आणलं, किंवा ज्या सुपात गहू पाखडला त्यातच लाह्या पाखडल्या, तरी ती ओलांडता येते. सीलिॲकच्या रुग्णाला थोडंसं ग्लूटेनही बाधतं. तपासणी आणि वेगळी जागा नसेल तर हा शब्द नको. जवसामुळे ‘ओमेगा-३’ही सुचेल. त्याची तपासणी वेगळी असते आणि भाजलेल्या जवसातलं ते तेल उजेडात आणि हवेत लवकर खराब होतं. पहिल्या छपाईत ते सोडून दिलेलं बरं.

या सगळ्यातून निघणारा मजकूर असा. पाकिटाच्या पुढे:

> ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा
> ज्वारीच्या लाह्या ५०%
> भाजलेले शेंगदाणे, फुटाण्याची डाळ आणि जवस
> तळलेला नाही. साखर घातलेली नाही.
> फायबर भरपूर: १०० ग्रॅममध्ये ___ ग्रॅम

मागच्या बाजूला:

> दारव्हा तालुक्यातल्या महिला बचत गटाने दहा-दहा किलोच्या घाण्यात केलेला. ज्वारीच्या लाह्या फोडून, पाखडून, न फुटलेले दाणे निवडून घेतलेल्या. वर शेंगदाणा तेलाची फोडणी, कढीपत्ता आणि गटाने कुटलेलं तिखट. चहासोबत मूठभर घ्या, किंवा कांदा, टोमॅटो आणि लिंबू घालून लगेच खा. पाकीट उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, लाह्या सादळतात.

पुढच्या बाजूला ५०% का लिहिलं? नावात किंवा चित्रात ज्या घटकावर भर दिलाय त्याचं प्रमाण सांगावंच लागतं. ज्वारीचं कणीस छापून आत वीस टक्के लाह्या असं होऊ नये म्हणून तो नियम आहे. तुमच्यासाठी तो फायद्याचाच आहे, कारण अर्धी ज्वारी ही चांगली गोष्ट आहे. फायबरची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. अहवाल सहाच्या खाली आला तर ‘भरपूर’ काढून ‘फायबरचा स्रोत’ लिहायचं. ‘आमच्या शेतातली ज्वारी’ असंही मी घातलं नाही. आता सोयाबीन-कपाशीत ज्वारीचा पेरा कमी झालाय, एखाद्या वर्षी बाजारातून आणावी लागेल आणि वाक्य खोटं ठरेल. ज्वारी कायम गटाच्याच शेतातली राहणार असेल तर ते वाक्य जरूर टाका, त्याच्यासारखं वाक्य नाही.

भाषेचं एक लक्षात ठेवा. सक्तीचा मजकूर, म्हणजे पदार्थाचं नाव, घटक, पोषण तक्ता, तारखा वगैरे, इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असायलाच हवा. मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. दोन्हींत अर्थ वेगळा निघता कामा नये. छापखान्यात भाषांतर करून घेतलं की ‘साखर घातलेली नाही’चं इंग्रजीत ‘शुगर फ्री’ होतं, आणि तो वेगळाच दावा आहे. त्याला १०० ग्रॅममध्ये एकूण साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. शेंगदाणे आणि डाळीतलीच साखर त्याच्या वर जाते. प्रूफ वाचताना हे एक वाक्य बोट ठेवून वाचा.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, तेव्हा तेल डाळीच्या आधी येईल: लाह्या, शेंगदाणे, तेल, फुटाण्याची डाळ, जवस, मसाले, मीठ. बहुतेक जणी तेल शेवटी टाकतात, ते चूक. खाली ‘यात शेंगदाणे आहेत’ ही ॲलर्जीची सूचना हवीच. हिरवा चौकोन-ठिपका, एफएसएसएआयचा लोगो आणि १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तारखा आणि पत्ता हे छापखान्याला सांगायची गरज पडू नये, पण एकदा मोजून बघा.

छपाईबद्दल एवढंच म्हणेन की पहिल्यांदा पाच हजार पाकिटं छापू नका. साधं कोरं पाऊच घ्या आणि तीनशे-चारशे स्टिकर करा. शेंगदाणा महागला की हात आपोआप दीड किलोवर येतो, आणि मग प्रथिनांचा आकडा, फॅटचा आकडा, लाह्यांची टक्केवारी, सगळं हलतं. दोन-तीन महिने प्रमाण एक ग्रॅमही न हलवता चाललं की मग छापील पाकिटाला पैसे घाला. घाण्याच्या वहीत प्रत्येक दिवशीची वजनं लिहून ठेवा. अधिकाऱ्याने ‘५०% कशावरून’ विचारलं तर ती वही आणि प्रयोगशाळेचा अहवाल, एवढंच दाखवायचं असतं.

आणि स्टॉलवर बसणाऱ्या बाईला एक उत्तर पाठ करून द्या, कारण पाकीट कितीही नीट छापलं तरी तोंडून ‘हो काका, शुगर उतरते’ निघालं की सगळं पुन्हा तिथंच येतं. कुणी विचारलं, ‘शुगरवाल्याला चालतो का?’, तर म्हणायचं: ‘काका, यात साखर घातली नाही. लाह्या ज्वारीच्या आहेत, तेल आणि मीठ आहे. किती काय आहे ते मागे लिहिलंय. तुम्हाला किती चालेल ते तुमच्या डॉक्टरांना हे पाकीट दाखवून विचारा. चव पाहायला हा चमचाभर घ्या.’